झाकलेल्या पापणीवर लायनर : चौथ्या आठवड्याची नोंद

आधी डोळ्यांचं वर्णन. समोर बघताना वरची पापणी जेमतेम २ मिमी दिसते, बाकीची भुवईखालच्या घडीत जाते. बाहेरचा कोपरा आतल्या कोपऱ्यापेक्षा साधारण २ मिमी खाली आहे, आणि उजवी घडी डावीपेक्षा जड. हूडेडही आणि उतरतेही, त्यामुळे एकाचा उपाय दुसऱ्याला नडतो.

पहिले दोन आठवडे नेहमीचीच पद्धत वापरली: खालच्या पापणीची कड पुढे वाढवायची आणि तीच विंगची दिशा धरायची. बदामी डोळ्यांवर ती छान बसते. इथे मात्र खालची कड शेवटच्या टोकाला स्वतःच खाली वळते, म्हणून विंग कानाकडे आडवी गेली आणि डोळे थकलेले दिसू लागले. डोळा मिटून काढलेली रेघ बंद डोळ्यावर सुरेख होती, पण उघडताच घडीने मधला भाग गिळला आणि टोक तुटून वेगळं दिसलं.

तिसऱ्या आठवड्यात क्रम उलटा केला आणि तिथून फरक पडला. आरसा डोळ्यांच्या पातळीवर, नजर सरळ, भुवया सैल. भुवया नकळत उचलल्या जातात, तेवढं जपावं; नाहीतर चेहरा सैल पडला की सगळं माप खाली सरकतं. कातडी ताणायची नाही, त्याचंही कारण तेच. डोळे उघडे ठेवूनच विंगच्या टोकाचा ठिपका द्यायचा. जागा कोपऱ्यापासून ५-६ मिमी बाहेर आणि ४ मिमी वर, भुवईच्या शेपटीच्या रोखाने. दुसरा ठिपका वरच्या पापणीवर, कोपऱ्याच्या ३ मिमी आधी, कड जिथे खाली झुकू लागते तिथे. रेघ तिथेच कड सोडते. सगळ्यात अवघड वाटणारी गोष्ट हीच आहे, कारण हात सवयीने कोपऱ्यापर्यंत उतरतो. कोपऱ्यातले शेवटचे ३ मिमी कोरे राहिले तरी चालतं; काळे झाले की डोळा पुन्हा खाली ओढला जातो.

दोन्ही ठिपके उघड्या डोळ्यानेच सरळ जोडायचे, घडीवरून. मग डोळा हलकेच मिटला की घडीच्या जागी रेघेत खाच दिसते. तिच्यातली कोरी जागा भरायची. मिटलेल्या डोळ्यावर आकार वटवाघळाच्या पंखासारखा पायरीचा दिसतो, म्हणूनच याला बॅट विंग म्हणतात. ती पायरी सुधारायला जाऊ नये. सुधारली की उघड्या डोळ्यावरची सरळ रेघ मोडते.

आतल्या कोपऱ्यापासून बुबुळाच्या बाहेरच्या कडेपर्यंत रेघ केसाइतकीच बारीक हवी. दिसणारे २ मिमी लायनरनेच भरले तर डोळा मोठा कसा दिसणार? दाटपणा हवा असेल तर पापण्यांच्या केसांच्या मुळांमध्ये जेल पेन्सिलचे ठिपके भरावेत. अगदी आतल्या ओल्या कडेवर नको: तिथे तेलग्रंथींची तोंडं असतात आणि रंग अश्रूंत उतरतो. लेन्स घालणाऱ्यांना हे जास्त जाचतं.

खाली भरगच्च काजळ घालायची आपली सवय इथे मोडावी लागते. बाहेरचा एक तृतीयांश भाग पूर्ण कोरा. खालच्या ओल्या कडेलाही वरच्यासारखीच अडचण आहे, पण तिथे लावायचंच असेल तर काळ्याऐवजी फिकट बदामी पेन्सिल लावली की पांढरा भाग वाढल्यासारखा दिसतो. शुभ्र पांढरी नको, ती लांबूनही लावलेली कळते.

उरलेली अडचण छाप्याची. लायनरचा ठसा घडीच्या वरच्या कातडीवर उमटतो, आणि कुठे उमटला यावरून कारण कळतं. फक्त विंगपाशी असेल तर रेघ ओली असताना डोळा उघडला गेला. मिनिटभर नजर खाली ठेवून वाळू द्यावी. पापणीभर पुसट करडा पट्टा दोन-तीन तासांनी आला तर दोष तेलाचा: पापणीवर उरलेलं क्रीम, किंवा मऊ काजळ. मुंबईच्या दमट हवेत काजळाची विंग घडीखाली टिकत नाही. पापणी टिपून प्राइमर, त्यावर चिमूटभर पावडर आणि वॉटरप्रूफ लिक्विड लायनर असं केल्यावर डावा डोळा संध्याकाळपर्यंत स्वच्छ राहिला. उजव्यावर ठसा येतोच, पण फिका.

दोन डोळ्यांच्या विंग एकसारख्या काढण्याचा प्रयत्न सोडला आहे. उजवीकडे टोक १ मिमी बाहेर घ्यावं लागतं, तेव्हा समोरून दोन्ही टोकं एका उंचीवर येतात. तपासणी समोरच्या फोटोवर, हातभर अंतरावरून, कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत. वरून घेतलेला फोटो घडी आणखी जड दाखवतो. टोक जरा उतरलं तर पुसायला मायसेलर वॉटरऐवजी इअरबडवर किंचित कन्सीलर घ्यावा, आणि खालून वर एकच फटकारा द्यावा. ओलं पाणी राहिलं तर वरची दुरुस्ती फाटते.

पुढच्या आठवड्यात हाच आकार गडद तपकिरी रंगात, उजव्या डोळ्याचा ठसा त्यात कमी खुपतो का ते पाहायचं आहे.