अंगठा घरून आणता येत नाही

मी तालुक्याच्या गावी वकिली करते आणि नोटरीही आहे. कोर्टाच्या आवारातल्या माझ्या टेबलाशी एका सोमवारी साधारण चाळिशीचा एक माणूस आला. हातात टाइप केलेला कागद, वर 'प्रतिज्ञापत्र', खाली निळ्या शाईचा अंगठा. वडील वारले होते, सातबाऱ्यावर वारसनोंद करायची होती. "मॅडम, आईचा अंगठा घेतलाय, तुम्ही फक्त शिक्का मारा. दुपारी तलाठ्याकडं द्यायचंय."

मी विचारलं, "आई कुठं आहेत?"

"घरी. गुडघे दुखतात तिचे."

मी कागद परत दिला. त्याला वाटलं मी अडवते आहे. पण शिक्का कशाचा असतो, हेच बहुतेकांना कुणी सांगितलेलं नसतं. लोक समजतात, नोटरीनं शिक्का मारला म्हणजे मजकूर खरा ठरला. तसं नाही. त्यांच्या घरात वारस किती, हे मला कुठून कळणार? मी इतकंच लिहून देते, की हा माणूस माझ्यासमोर आला, त्याची ओळख पटली, त्यानं शपथ घेतली आणि माझ्यादेखत सही किंवा अंगठा केला.

आणि प्रतिज्ञापत्राचा सगळा जीव त्या शपथेत आहे. अ‍ॅफिडेव्हिट हा मूळचा लॅटिन शब्द, अर्थ 'त्याने शपथेवर सांगितले'. मजकूर कितीही नीट टाइप केलेला असो, शपथ झाली नसेल तर तो साधा अर्जच. आणि शपथ आपली आपण घरी घेऊन चालत नाही. ती देण्याचा अधिकार कायद्यानं ज्याला दिलाय, त्याच्यासमोरच घ्यावी लागते. 1952 च्या नोटरी कायद्यानं तो नोटरीला दिला. न्यायालय आणि कार्यकारी दंडाधिकारी यांनाही तो आहे, पण नोटरी चटकन भेटतो, म्हणून सगळे 'नोटरी करून आणा' म्हणतात. अनेक दाखल्यांना आता स्वयंघोषणापत्र चालतं, तिथं माझ्याकडे यायची गरजही नाही.

दुपारी तो आईला रिक्षातून घेऊन आला. तिला वर चढवत नव्हतं, म्हणून मीच रजिस्टर घेऊन खाली पारावर गेले. आधार कार्ड पाहिलं. ओळख द्यायला शेजारचे वकील आले. आजींना वाचता येत नव्हतं, त्यामुळे मजकूर मोठ्यानं वाचून, समजावून सांगणं आणि तसं केल्याचा शेरा कागदावर लिहिणं माझ्याकडेच आलं.

तिसऱ्या परिच्छेदाशी पोचले. 'मयतास मी पत्नी व खाली नमूद दोन मुलगे यांखेरीज अन्य कोणीही वारस नाही.'

आजींनी माझा हात धरला. "बाई, माझी थोरली कुठं हाय यात?"

मुलगा खाली बघत म्हणाला, "ताईला काही नको आहे मॅडम. तिनंच सांगितलंय."

तो खोटं बोलत होता असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. बहिणीनं तसं म्हटलंही असेल. पण हिस्सा नको असणं वेगळं आणि वारस नसणं वेगळं. बाप गेला की विधवा, मुलगे आणि मुली सगळे बरोबरीनं वारस होतात. मुलीला हक्क सोडायचा असेल, तर आधी तिचं नाव वारसांत लागू दे, मग तिनं स्वतः दुय्यम निबंधकाकडे जाऊन नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावं. आईच्या प्रतिज्ञापत्रातून तिला गाळून ते होत नाही. त्याला हेही सांगितलं, की या कागदावर शपथ घेऊन गुन्ह्यात अडकली असती ती आई. भारतीय न्याय संहितेच्या कलम 229 प्रमाणे खोट्या शपथेवरच्या कथनाला न्यायालयीन कामात 7 वर्षांपर्यंत, इतर ठिकाणी 3 वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मला वाटलं हा नुसता फॉर्म असतो."

टायपिस्टकडून नवा कागद करून घेतला. आजींच्या सांगण्यावरून थोरलीचं नाव मुलांच्या आधी आलं. पुन्हा सगळं वाचून दाखवलं, या खेपेला प्रत्येक नावाला त्या मान हलवत होत्या. मग शपथ. 1969 च्या शपथ कायद्यात प्रतिज्ञापत्रासाठी ठरलेले शब्द फार थोडे आहेत. मी एकेक तुकडा म्हणत गेले आणि आजी मागून म्हणत गेल्या, "देवाशपथ सांगते, हे माझं नाव, हा माझा अंगठा, आन् यात लिवलंय ते खरं हाय."

स्टँप पॅडवर अंगठा टेकवून एक ठसा त्यांनी कागदावर दिला, एक माझ्या रजिस्टरमध्ये. त्यानंतर मी 'माझ्यासमोर' लिहून सही केली, तारीख आणि नोंद क्रमांक घातला आणि गोल शिक्का मारला. सकाळचा कागद मुलानं माझ्याकडून मागून घेतला आणि तिथंच फाडला. आजी पदराला शाई पुसत त्याला म्हणाल्या, "ताईला फोन लाव, मी बोलते."