आमची वाटचाल : चार पानांचं पत्र

रत्नागिरीत आम्ही आंबा बागायतदारांसाठी ऑर्डर घेण्याचं सॉफ्टवेअर बनवतो. मार्च ते मे श्वास घ्यायला फुरसत नसते. पाऊस लागला की लाइट जाते-येते, आणि उरलेली कामं तेव्हाच निघतात. अशाच एका जूनमध्ये आमच्या टेस्टिंग लीडने चार पानं छापून माझ्या टेबलावर ठेवली. "मेल तुम्ही वाचत नाही सर," एवढंच म्हणाली. खरंच होतं ते.

आमच्याकडे सॉफ्टवेअर आपोआप तपासणाऱ्या दोनशे ऑटोमेटेड टेस्ट आहेत, हे मी प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला कौतुकाने सांगायचो. पत्राची सुरुवातच त्यावर होती. एकेक टेस्ट शंभरात एकदा जरी विनाकारण नापास झाली, तरी दोनशेच्या दोनशे एका फेरीत पास होण्याची शक्यता जेमतेम १३ टक्के. म्हणून आपली मुलं लाल दिसलं की पुन्हा चालवतात, हिरवं होईपर्यंत.

पुढे एप्रिलमधलं एक प्रकरण होतं. एका गिऱ्हाइकाला एकाच ऑर्डरच्या दोन पेट्या गेल्या होत्या, पैसेही दोनदा कापले गेले होते. मी ते गिऱ्हाइकाच्या बोटावर ढकललं होतं. तिने जुने लॉग काढले. 'ऑर्डर एकदाच नोंदली जाते' ही टेस्ट फेब्रुवारीपासून अकरा वेळा नापास झाली होती आणि दर वेळी दुसऱ्या फेरीत पास. नेट मंद असताना बटण दोनदा दाबलं की दोन विनंत्या जवळजवळ एकाच क्षणी सर्व्हरवर पोचायच्या. दोघीही 'ही ऑर्डर आधी आहे का?' विचारायच्या आणि दोघींनाही 'नाही' मिळायचं. टेस्ट खरं बोलत होती, आम्ही तिला लहरी ठरवलं होतं.

बाकीच्या बऱ्याच टेस्ट मात्र खरोखरच लहरी होत्या. कारण पाच सेकंद नुसतं थांबायला सांगणारी ही ओळ :

```java
Thread.sleep(5000);
```

पान दोन सेकंदांत आलं तर तीन सेकंद फुकट, सहा लागले तर टेस्ट नापास. तिला त्याजागी ऑर्डरची स्थिती पानावर दिसेपर्यंतच थांबणारी ही ओळ हवी होती :

```java
wait.until(ExpectedConditions.visibilityOfElementLocated(By.id("order-status")));
```

दुसरं दुखणं डेटाचं. सगळ्या टेस्ट एकाच नमुना बागायतदाराचा साठा वापरत. एकीने पेट्या संपवल्या की दुसरी पडायची.

मागणी अशी : दोन माणसं, सहा आठवडे, टेस्टसाठी वेगळं मशीन, आणि तोवर नवी टेस्ट नाही. महागडं टूल मागितलं नव्हतं, याचं मला नवल वाटलं. "टूल बदललं तरी sleep आपणच लिहिणार," ती म्हणाली.

मी मशीन लगेच दिलं, आठवडे चारच दिले. सवयीने घासाघीस केली, दुसरं काय. तिने चाळीस टेस्ट सरळ काढून टाकल्या. मला ते जिवावर आलं होतं, पण त्या कशाचीच खात्री देत नव्हत्या. पुन्हा चालवायची सोय ठेवली, फक्त दुसऱ्या फेरीत पास झालेल्या टेस्टची यादी आता रोज सकाळी माझ्याकडे येते.

चार आठवड्यांनी त्या यादीत अठरा टेस्ट उरल्या. बहुतेक पैसे भरण्याच्या, ज्या बाहेरच्या कंपनीच्या चाचणी सर्व्हरवर अवलंबून आहेत. उरलेले दोन आठवडे मागणारं पत्र परवा आलं. या वेळी अर्धंच पान. मी घासाघीस न करता सही केली.