तपकिरी डब्यावरचं लाल कार्ड आणि सोलापूरच्या घरची तीन भांडी

इथे जर्मनीत ओल्या कचऱ्याचा डबा तपकिरी असतो. ठरलेल्या दिवशी गाडी येते, डबा रिकामा करून जाते. कधीकधी डबा भरलेलाच राहतो आणि झाकणाला लाल कार्ड लटकलेलं दिसतं: चुकीचा कचरा, उचलला नाही. चूक म्हणजे काय, तर भाजीची सालं एका हिरव्या पिशवीत बांधलेली. त्या पिशवीवर ठळक लिहिलेलं असतं की ही खत होणारी पिशवी आहे.

पहिल्यांदा डोकं फिरतं. खत होणारी पिशवी खताच्या डब्यात चालत नाही, हा कुठला न्याय? पण इथल्या बऱ्याच गावांत हाच नियम आहे, आणि त्यामागचं गणित चुकीचं नाही. अशा पिशवीला ते नाव मिळतं ते एका युरोपीय चाचणीवरून. त्या चाचणीत कारखान्याच्या गरम ढिगात पिशवीचे तुकडे व्हायला १२ आठवडे दिलेले असतात. प्रत्यक्षातले बरेच कारखाने त्याहून लवकर माल चाळून बाहेर काढतात. मग अर्धवट विरलेला चिंधडा आणि साधं प्लास्टिक यांत चाळणीला फरक कळत नाही, दोन्ही खतातच जातात. म्हणून सरळ बंदी. भाजी वर्तमानपत्रात गुंडाळून टाका म्हणतात. म्हणजे आपण रद्दीत गुंडाळत होतो तेच, फक्त इथे त्याला नियमाचा मान.

अशाच पिशव्या आता आपल्याकडेही मिळतात, म्हणून हे सांगितलं. घरच्या बादलीत ती पिशवी घालू नका. इथला कारखाना ढीग ५५ अंशांच्या वर दोन आठवडे ठेवतो, बादली ते करत नाही. सहा महिन्यांनी पिशवी काढाल तेव्हा तिच्यावरचं नावही वाचता येईल.

कारखाना सांभाळणारा कुणीतरी आहे म्हणून इथल्या माणसाला खताची चिंता नसते, फक्त डब्याची असते. सोलापुरात घरी खत करणाऱ्याला सगळं स्वतः बघावं लागतं, आणि तिकडून येणारा प्रश्न इथल्या नेमका उलटा असतो. इथे थंडी आणि ओल, त्यामुळे तक्रार वासाची. सोलापूरहून विचारतात, ‘दोन महिने झाले, वास अजिबात नाही, पण खतही होत नाही. असं का?’

याच प्रश्नासाठी फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत, आठ आठवडे, सोलापुरातल्या एका घरी तीन पद्धती एकाच वेळी लावल्या. प्रत्येकीला सारखाच कचरा, एकूण ७ किलो: भाजीची देठं, फळांची सालं, चहाचा चोथा, सगळं बोटाच्या पेराएवढं चिरलेलं.

पहिली पद्धत हवेची. ४० लिटरचा प्लास्टिकचा ड्रम, बाजूंना आणि तळाला बोटभर जाडीची भोकं, तळाशी चार बोटं तुराट्यांचे तुकडे. रोज अर्धा किलो कचरा आणि त्यावर १०० ग्रॅम कडबा कुट्टी, असं १४ दिवस. कुट्टी वजनाला कमी वाटते, पण १०० ग्रॅम म्हणजे दोन-तीन भरगच्च ओंजळी होतात. भाजीत नत्र जास्त आणि कडब्यात कर्ब जास्त. या मापाने दोघांचं मिश्रण एका नत्राला २५ ते ३० कर्ब एवढं पडतं, आणि जिवाणूंना तेच मानवतं. इथे लोक यासाठी लाकडाचा भुसा विकत आणतात. त्यात कर्ब इतका जास्त आणि इतका चिवट की ढीग महिनोन्‌महिने तसाच बसतो. ज्वारीचा कडबा आतून भेंडासारखा सच्छिद्र, पाणी धरतो, हवाही खेळू देतो. या बाबतीत आपण जर्मनीच्या पुढे आहोत, हे ठामपणे म्हणायला हरकत नाही. शेंगांची टरफलं मात्र कडब्याला पर्याय नाहीत. ती कुजायला फार वेळ घेतात आणि चाळणीवर जशीच्या तशी सापडतात.

दुसरी बोकाशी, कचरा आंबवण्याची ही पद्धत मूळची जपानी. २० लिटरची, घट्ट झाकणाची आणि तळाला तोटी असलेली बादली. यात हवा नकोच. तीन-चार सेंटिमीटर कचऱ्याचा थर, वर मूठभर आंबवलेला भुसा, हाताने दाबायचं, झाकण. भुसा घरी करता येतो. पेंडीच्या दुकानातला गव्हाचा भुसा १ किलो, गूळ २० ग्रॅम, बाजारातलं जिवाणूंचं विरजण २० मिली आणि रात्रभर उघडं ठेवलेलं पाणी साधारण ४०० मिली. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा पण पाणी गळू नये, इतपतच ओलं. ते हवाबंद पिशवीत दोन आठवडे, मग सावलीत वाळवायचं.

तिसरी गांडुळांची. ६० बाय ४० सेंटिमीटरचा क्रेट, अर्धवट कुजलेल्या शेणाचं अंथरूण, अर्धा किलो गांडुळं. गांडुळं रोज आपल्या वजनाच्या साधारण निम्मं खातात, म्हणून त्यांना रोज पाव किलोच दिलं. ७ किलो संपायला चार आठवडे गेले. घाईने जास्त घातलं तर वरचा थर तापतो आणि गांडुळं कडेने पळून जाण्याच्या तयारीला लागतात.

आता वेग. बोकाशी सगळ्यांत पुढे. जर्मनीतल्या १९ अंशांच्या स्वयंपाकघरात बादली बंद केल्यावर तीन आठवडे घेणारं काम सोलापुरात १२ दिवसांत उरकलं. पण बादली उघडल्यावर दिसतं ते खत नसतं. गाजराचं साल गाजराचं सालच दिसतं, फक्त लोणच्यासारखं झालेलं. ते एकास तीन मातीत मिसळून कुंडीत पुरल्यावर आणखी तीन आठवड्यांनी ओळखू येईनासं झालं. म्हणजे खरा हिशेब दोन आठवडे कचरा भरण्याचे, १२ दिवस मुरण्याचे आणि तीन आठवडे मातीतले. जाहिरातीत मुरण्याचाच आकडा सांगतात.

ड्रमची गोष्ट जास्त शिकवणारी. पाचव्या दिवशी मधोमध थर्मामीटर ४८ अंश दाखवत होता. सोळाव्या दिवशी तो बाहेरच्या हवेइतकाच उतरला. वास नाही, चिलटं नाहीत, रंग तपकिरी. नव्वद टक्के लोक या टप्प्यावर म्हणतील, झालं. मूठभर घेऊन दाबलं तर हातात नुसता भुरका. ते खत झालेलं नव्हतं, वाळलेलं होतं. सोलापूरची कोरडी हवा भोकांतून आठवडाभरात इतकं पाणी ओढून घेते की जिवाणू झोपी जातात. कचरा टिकतो तो खारवलेल्या कैरीसारखा.

परीक्षा सोपी आहे. सगळं घमेल्यात ओतून झाऱ्याने दीड लिटर पाणी शिंपडत वरखाली केलं, परत ड्रममध्ये भरलं. दोन दिवसांत पारा पुन्हा ४४ वर. पाणी दिल्यावर ढीग परत तापला तर काम बाकी होतं; नाही तापला तरच संपलं म्हणायचं. त्यानंतर दर तिसऱ्या दिवशी मूठ दाबून पाहणं आणि ड्रमभोवती बारदान गुंडाळणं एवढ्यावर काम सुरळीत चाललं. दाबल्यावर बोटांच्या फटीत एखाद-दुसरा थेंब यावा. धार लागली तर कुट्टी, भुरका उरला तर पाणी. बोअरचं जड पाणी सारखं घातलं तर क्षार साठतात, म्हणून तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी बरं.

गांडुळांचा क्रेट गच्चीवर टिकला नसता. ३५ अंशांपुढे ती मरू लागतात. तो खाली माठाशेजारी ठेवला आणि वर ओलं बारदान. माठ थंड होतो त्याच कारणाने क्रेटही थंड राहिला. हवा कोरडी असण्याचा एवढा एक फायदा. मुंबईच्या दमटपणात हीच युक्ती निम्मीही चालणार नाही.

वासाबद्दल थोडक्यात. ड्रमला अमोनियाचा झणका आला तर नत्र जास्त, कुट्टी घाला. नासक्या अंड्याचा आला तर तळाशी पाणी साचून हवा अडली आहे, उकरा. बोकाशीला शिळ्या ताकाचा आंबट वास यायलाच हवा, पांढरी बुरशीही चालते. हिरवी-काळी बुरशी किंवा गटाराचा वास म्हणजे झाकण गळतंय. क्रेटला पावसानंतरच्या मातीचा वास होता, बाकी काही नाही. शिजलेलं उष्टं फक्त बोकाशीच पचवते, पण त्यातलं मीठ कुठेही जात नाही, शेवटी कुंडीतच उतरतं. आमटीचा गाळ जपून घाला. शेंगाचटणी उरत नसल्याने तिचा प्रश्न येत नाही.

खत कसं झालं हे इथले लोक ज्या बियाण्याने तपासतात ते पाहून हसू येतं. ते अळीव आहे, बाळंतिणीच्या लाडवातलं. आपल्याकडे थोडक्या पैशांत पुडी मिळते, आणि कुंडीत खत घालून झाडं गमावण्यापेक्षा हे स्वस्त. काचेच्या दोन बरण्यांत तीन बोटं ओलसर खत घ्यायचं, वर कोरडं अळीव भुरभुरायचं, पुरायचं नाही. भिजवूनही घालू नका, त्याचा चिकट गोळा होतो. एक बरणी उघडी, दुसरी घट्ट बंद, दोन्ही उजेडात पण उन्हात नाही. आठवडाभराने बघायचं. खत कच्चं असेल तर ते अमोनिया सोडतं आणि बरणीतला प्राणवायू खाऊन टाकतं. उघड्या बरणीत हे लपतं, बंद बरणीत लपत नाही.

सहाव्या आठवड्यात ड्रमच्या खताने उघड्या बरणीत हिरवंगार अळीव दिलं आणि बंद बरणीत पिवळं, तपकिरी मुळांचं. आठव्या आठवड्यात दोन्ही बरण्या सारख्या. ते दोन आठवडे चाळून नुसतं सावलीत ठेवायचे असतात. गांडूळ खत बंद बरणीतही पहिल्याच फेरीत पास झालं, कण बारीक, बोटांना चहापत्तीसारखे. बादलीतून थेट काढलेल्या बोकाशीवर बीच उगवलं नाही, इतका आंबटपणा. तीन आठवडे मातीत राहिल्यावर उगवलं, पण बंद बरणीत मरगळलेलं. आपल्या काळ्या मातीत चुनखडी असते, ती हा आंबटपणा लवकर मारते. तरी झाडाच्या मुळांपासून वीतभर लांबच पुरा.

मे महिन्यात नव्याने सुरुवात करणार असाल तर बोकाशीपासून करा, तिला बाहेरची हवा लागतच नाही. ड्रम मृगानंतर भरायला घ्या, भोकं पावसापासून आडोशाला ठेवून. गांडुळं दिवाळीनंतर आणा.