आधी ‘नको’, मग ‘पाठवा’

गडहिंग्लजच्या एका दुकानाबाहेर आईस्क्रीमचे २० बॉक्स घेऊन टेम्पो उभा होता. गावात लाइट नव्हती आणि दुकानदार माल उतरवून घ्यायला तयार नव्हता. कोल्हापूरचे वितरक फोनवर ओरडत होते, “अहो, तुमच्याच अ‍ॅपमध्ये लिहिलंय त्याने, पाठवा म्हणून!” हा फोन आमच्या सपोर्टमधून फिरत फिरत पुण्यात माझ्या टेबलावर आला. दुकानदार आणि वितरक यांच्यातल्या ऑर्डरच्या चॅटचं बॅकएंड माझ्याकडे होतं.

दोघांकडून स्क्रीनशॉट मागवले. दुकानदाराच्या फोनवर आधी “२० बॉक्स पाठवा” आणि त्याखाली “थांबा लाइट गेली आज नको”. वितरक शेठच्या फोनवर हेच दोन मेसेज उलटे. शेठनी ते वाचून काढलेला अर्थ अगदी सरळ होता: लाइट गेली होती, आता आलेली दिसते, माल पाठवा म्हणतोय. मी त्यांच्या जागी असतो तर मीही टेम्पो सोडला असता.

डेटाबेसमध्ये पाहिलं तर पहिल्या मेसेजची वेळ ११:४२:०७ आणि दुसऱ्याची ११:४२:००. म्हणजे आमच्या मते त्याने ‘नको’ सात सेकंद आधी म्हटलं होतं. दोन्ही ओळींत गेटवेचं, म्हणजे फोनचं कनेक्शन घेणाऱ्या सर्व्हरचं, नाव मात्र वेगळं होतं, आणि तिथेच पाल चुकचुकली. दुकानदाराने पहिला मेसेज दुकानाच्या वायफायवरून पाठवला होता. लाइट गेली, राउटर बंद पडला, फोन मोबाइल डेटावर गेला, कनेक्शन तुटून नव्याने जोडलं गेलं आणि ते नेमकं दुसऱ्या गेटवेवर पडलं. मेसेजवर वेळेचा शिक्का गेटवे मारायचा, स्वतःच्या घड्याळाप्रमाणे. त्या दुसऱ्या गेटवेवर लॉगिन होऊन पाहिलं:

```
$ chronyc tracking
...
Leap status     : Not synchronised
```

दोन्ही मशीनवर एकाच वेळी `date` चालवलं. २३ सेकंदांचा फरक. हे मशीन २१ दिवसांपूर्वी उभं केलं होतं आणि त्याच्या नेटवर्कमधून बाहेर जाणारा, घड्याळ जुळवायला लागणारा यूडीपी १२३ पोर्ट फायरवॉलमध्ये बंद होता, त्यामुळे घड्याळ एकदाही जुळलं नव्हतं. दिवसाला एक सेकंदाहून किंचित जास्त मागे पडत होतं. दुसरा मेसेज खरा आला ११:४२:२३ ला, त्यावर शिक्का बसला ११:४२:०० चा.

पोर्ट उघडला, घड्याळ जुळलं. आमचे टीम लीड म्हणाले, “झालं की मग, बंद कर तिकीट.” मी नाही केलं. घड्याळं जुळवूनही दोन मशीनमध्ये काही मिलिसेकंदांचा फरक राहतोच, आणि उद्या तिसरं मशीन असंच कोणीतरी उभं करणार. वेगवेगळ्या मशीनच्या घड्याळांवर विसंबून न राहताही आधी काय आणि नंतर काय हे ठरवता येतं, हे संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅमपोर्ट यांनी १९७८ मध्येच लिहून ठेवलंय. आम्ही ते कॉलेजात परीक्षेपुरतं वाचलं होतं.

वेळेऐवजी आम्ही क्रमांक आणला. संपूर्ण सिस्टिमसाठी एकच क्रमांक ठेवायची गरज नव्हती. गडहिंग्लजचा मेसेज आधी की जालन्याचा, याने कोणाचंच काही बिघडत नाही. क्रम लागतो तो एका संभाषणाच्या आत. म्हणून प्रत्येक संभाषणाचा स्वतःचा मोजणारा आकडा:

```sql
UPDATE conversations SET last_seq = last_seq + 1
WHERE id = 4127 RETURNING last_seq;
```

मेसेजचा इन्सर्टही त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये. त्या ओळीवर कुलूप असल्यामुळे दोन गेटवे एकदम आले तरी एकाला थांबावं लागतं. इथे पोस्टग्रेसचा तयार `SEQUENCE` वापरायचा मोह होतो. पण ट्रान्झॅक्शन फसलं तरी त्याचा वाढलेला आकडा परत येत नाही, मधेच भोक पडतं. आम्हाला भोक नको होतं. शेठच्या फोनवर ११८ नंतर थेट १२० आला तर अ‍ॅपने ओळखायचं की ११९ वाटेत राहिलाय, आणि तो मागून घ्यायचा. क्रमांक मुळातच गहाळ असेल तर अ‍ॅप तो मागतच बसेल.

टेस्टिंगमध्ये आणखी एक गोष्ट सापडली. फोनचं वायफाय मुद्दाम तोडून पाहिलं, तर पहिला मेसेज मेलेल्या कनेक्शनमध्ये अडकून राहायचा, दुसरा नव्या कनेक्शनवरून आधी पोचायचा, आणि आमचा सर्व्हर इमानदारीने त्याला लहान क्रमांक द्यायचा. क्रमांक सांगतो सर्व्हरला काय आधी मिळालं. माणसाने काय आधी लिहिलं ते फक्त फोनला माहीत असतं. त्यामुळे फोनमध्येच रांग लावली: एका संभाषणातल्या पहिल्या मेसेजची पोच आल्याशिवाय दुसरा सोडायचा नाही. पोच वाटेत हरवली तर तोच मेसेज पुन्हा जातो, म्हणून फोन प्रत्येक मेसेजला स्वतःचा एक आयडी देतो आणि सर्व्हर दुसऱ्यांदा आलेला आयडी नव्याने न साठवता जुनाच क्रमांक परत पाठवतो.

एवढं झाल्यावर दुकानदाराशी बोलणं झालं. त्याचा राग वेगळ्याच गोष्टीवर होता. “शेठच्या नावापुढं हिरवा ठिपका होता की साहेब. म्हटलं वाचलं असेल, म्हणून फोन नाही केला.” शेठ त्या वेळी शीतगृहात होते, पत्र्याच्या जाड भिंतींत, रेंज शून्य. कनेक्शन बंद होतानाचा निरोप आमच्यापर्यंत आलाच नाही, आणि समोरून काही ऐकू येत नसताना आम्ही पाच मिनिटं त्यांना ऑनलाइन धरून बसलो होतो. आता फोन दर ३० सेकंदांनी एक ठोका पाठवतो, आणि नवा ठोका आला नाही तर रेडिसमधली ‘ऑनलाइन’ची नोंद ७५ सेकंदांत आपोआप मरते. एखादा ठोका चुकला तर माणूस लगेच ऑफलाइन दिसू नये म्हणून दुपटीपेक्षा थोडी जास्त मुदत. तरीही तो ठिपका सव्वा मिनिट खोटं बोलू शकतोच. त्यामुळे ऑर्डरच्या चॅटमधून मी तो काढूनच टाकला आणि ‘वाचलं’ ही खूण ठेवली. तिच्यासाठी फार साठवावंही लागलं नाही, प्रत्येक माणसामागे एकच आकडा: कितव्या क्रमांकापर्यंत वाचलं.

सगळ्यात जास्त वाद झाला तो जुन्या मेसेजवरून. पूर्वी मागचं वाचायला आम्ही `OFFSET` वापरायचो. तीन वर्षांच्या चॅटमध्ये माणूस जितका वर सरकेल तितक्या ओळी डेटाबेस मोजून टाकून द्यायचा, आणि मधेच नवा मेसेज आला की एखादा दोनदा दिसायचा. आता `seq < 4310`, `ORDER BY seq DESC` आणि `LIMIT 50`, जोडीला संभाषण आणि क्रमांक यांचा इंडेक्स. कितीही मागे जा, तेवढाच वेळ. पण त्यासाठी जुन्या प्रत्येक मेसेजला क्रमांक द्यायला हवा होता. तो कशाच्या आधारावर? हाताशी होती तीच फसवी वेळ. एकाने सुचवलं की त्या २१ दिवसांत बिघडलेल्या गेटवेने घेतलेल्या मेसेजमध्ये दिवसाच्या हिशोबाने सेकंद मिळवू. मी विरोध केला. घड्याळ रोज नेमकं किती मागे पडलं याची नोंद नव्हती, आणि लोकांनी त्या क्रमाने वाचून माल पाठवला होता, पैशांचे वाद घातले होते. त्यांनी जे पाहिलं ते आपण मागून बदलायचं नाही.

म्हणून गडहिंग्लजच्या त्या चॅटमध्ये ‘नको’ अजूनही ‘पाठवा’च्या वर आहे. त्या २० बॉक्सचे पैसे कोणी भरायचे हे शेठ आणि दुकानदार यांच्यात त्याच चॅटमध्ये पुढचे आठ दिवस चाललं होतं, आणि ते सगळे मेसेज बरोबर क्रमाने आहेत.