अकरा हजार आठशेची क्रेडिट नोट

रबाळे एमआयडीसीतील आमच्या कारखान्यात पितळी फिटिंग्ज तयार होतात आणि हिशेबाचे काम माझ्याकडे आहे. २०२५च्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस येणेबाकीची यादी तपासताना ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील एका जुन्या ग्राहकाच्या नावासमोर ११,८०० रुपये मार्चपासून तसेच पडून असलेले दिसले. या ग्राहकाचे पैसे कधी थकत नाहीत, त्यामुळे ती रक्कम मला खटकली. मी त्यांच्या अकाउंट्स विभागात फोन केला, तेव्हा तिथल्या ताई शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, त्याची डेबिट नोट आम्ही तुम्हाला जूनमध्येच पाठवली आहे. आमच्याकडे हा विषय संपला."

जुन्या फायलीत ती डेबिट नोट खरोखरच होती. २७ मार्चला आम्ही त्यांना ५०० नग पाठवले होते. त्यांच्या पर्चेस ऑर्डरवर दर २४० रुपये होता, परंतु १ एप्रिलपासून लागू होणारा २६० रुपयांचा नवा दर बिलिंगमध्ये आधीच भरला गेल्यामुळे बिल त्या दराने निघाले. म्हणजे १,२०,००० रुपयांच्या मालाचे बिल १,३०,००० रुपयांचे झाले, त्यावर १८ टक्क्यांनी २१,६०० ऐवजी २३,४०० रुपये जीएसटी लागला आणि एकूण रक्कम १,४१,६०० ऐवजी १,५३,४०० झाली. ग्राहकाने योग्य तेवढेच पैसे दिले आणि फरकाची डेबिट नोट पाठवून आपल्या वहीत खाते मिटवले.

अडचण नेमकी इथेच होती. खरेदीदाराची डेबिट नोट ही दोन पक्षांमधील व्यापारी सूचना असते. 'तुमच्याकडून एवढी रक्कम वजा होणे आहे', इतकेच ती सांगते. आम्ही सरकारकडे जो २३,४०० रुपये कर दाखवून भरला होता, तो तिच्यामुळे एका रुपयानेही कमी होत नाही. जीएसटी कायद्याच्या कलम ३४ नुसार बिलातील मूल्य किंवा कर जास्त लागला असेल, माल परत आला असेल किंवा माल वा सेवा उणी ठरली असेल, तर क्रेडिट नोट माल विकणाऱ्यानेच काढायची असते. ती आमच्याकडून निघालीच नव्हती. दुसऱ्या बाजूला, ग्राहकाने आमच्या मूळ बिलाप्रमाणे पूर्ण २३,४०० रुपयांचे इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, घेतलेले होते. खाती दोघांचीही मिटल्यासारखी वाटत होती, पण जीएसटी पोर्टलवर चुकीचे बिल जसेच्या तसे उभे होते.

ताईंनी सुचवले, "मग ते बिलच रद्द करा आणि नवे द्या ना." ही मागणी मी अनेक ग्राहकांकडून ऐकते आणि दर वेळी ती नीट समजावून सांगावी लागते. ई-इनव्हॉइसचा आयआरएन, म्हणजे बिलाला सरकारी पोर्टलवरून मिळणारा नोंदणी क्रमांक, २४ तासांच्या आतच रद्द करता येतो. शिवाय मार्चचे जीएसटीआर-१ हे विक्रीचे विवरणपत्र केव्हाच भरून झाले होते आणि त्या बिलावर माल प्रत्यक्ष वागळे इस्टेटला पोहोचला होता. पूर्ण रकमेची क्रेडिट नोट काढून आजच्या तारखेचे नवे बिल करावे, तर मार्चमध्ये झालेली विक्री पुढच्या आर्थिक वर्षात जाते आणि त्या बिलाला ना गाडी जुळते ना ई-वे बिल. क्रेडिट नोट मूळ बिल पुसत नाही. ते बिल आपल्या जागी राहते आणि नोट त्याचा क्रमांक व तारीख सांगून फक्त जादा लागलेला भाग वजा करते.

आमच्या साहेबांचे म्हणणे वेगळे होते. एवढ्याशा रकमेसाठी खटाटोप नको, जर्नल नोंद करून ११,८०० सोडून द्यावेत, असे त्यांना वाटत होते. मी त्यांना कॅलेंडर दाखवले. २०२४-२५ मधील विक्रीची क्रेडिट नोट ३० नोव्हेंबर २०२५ पर्यंत किंवा त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरले जाईपर्यंत, यांपैकी जे आधी असेल तोवरच विवरणपत्रात दाखवता येणार होती. आमचे वार्षिक विवरणपत्र अजून भरायचे होते. तरीही नोट ज्या महिन्यात काढली त्याच महिन्याच्या विवरणपत्रात ती दाखवायची असते, आणि नोव्हेंबरचे विवरणपत्र डिसेंबरमध्ये भरले जाते. म्हणून नोटेवर ऑक्टोबरची तारीख पडणे माझ्या दृष्टीने आवश्यक होते. ती मुदत चुकली असती, तर कराविना साधी व्यापारी क्रेडिट नोट देता आली असती. खाते मिटले असते, पण १,८०० रुपये कर कायमचा आमच्या खिशातून गेला असता. रक्कम लहान आहे हे मान्य. परंतु देय नसलेला कर निव्वळ कंटाळ्यापोटी सोडून देणे मला पटत नाही.

साहेबांनी होकार दिला आणि हाताखालच्या मुलाने टॅलीत नोंद करायला घेतली. त्याने मालाचे नाव निवडून ५०० नग, दर २० रुपये असे भरले. रक्कम बरोबर १०,००० आली, कर ९०० अधिक ९०० आला, बेरीज ११,८०० जुळली. मी त्याला तिथेच थांबवले आणि विचारले, "माल परत आला आहे का?" क्रेडिट नोटेत नग भरले की टॅली ते परत आले असे धरते, गोदामात नसलेले ५०० नग वहीत जमा झाले असते आणि मोजणीच्या वेळी सगळे शोधत बसले असते. दरातील फरकाला नग लागत नाहीत. `Ctrl + H` दाबून `Accounting Invoice` ही पद्धत घेतली आणि विक्री खाते १०,००० रुपयांनी, केंद्राचा व राज्याचा कर प्रत्येकी ९०० रुपयांनी नावे टाकून ग्राहकाच्या खात्यावर ११,८०० जमा केले. कारणाच्या रकान्यात `04-Correction in Invoice` निवडले आणि मूळ बिलाचा क्रमांक व २७ मार्च ही तारीख मी स्वतः बिलाशी ताडून पाहिली. आम्हाला ई-इनव्हॉइस लागू असल्याने क्रेडिट नोटेसाठीही आयआरएन घेतला.

त्यानंतर मी ताईंना पुन्हा फोन केला, कारण उरलेला निम्मा भाग त्यांच्या हातात होता. आम्ही जीएसटीआर-१ भरले की ही नोट त्यांच्या आयएमएसमध्ये, म्हणजे आलेली बिले व नोटा स्वीकारण्या-नाकारण्याच्या पोर्टलवरील सोयीत, दिसणार होती. ती त्यांनी नाकारली, तर तोच कर आमच्या पुढील ३बी मध्ये, म्हणजे कर भरण्याच्या विवरणपत्रात, पुन्हा देय म्हणून येतो. शिवाय १ ऑक्टोबर २०२५ पासून कायद्यातच बदल झाला आहे: नोंदणीकृत खरेदीदाराने त्या नोटेपुरते घेतलेले इनपुट क्रेडिट परत केले नसेल, तर विक्रेत्याला आपला कर कमी करता येत नाही. "जूनच्या डेबिट नोटेच्या वेळी तुम्ही १,८०० रुपये क्रेडिट परत केले होते का?" असे मी विचारले. त्यांनी पाहून सांगितले की डेबिट नोट पूर्ण ११,८०० रुपयांची खरेदी खात्यातच वळती झाली होती, कराला हात लावलेला नव्हता. तो कर आता ही नोट स्वीकारताना परत होईल, आणि जूनची नोंद मोडून त्या जागी आमच्या क्रेडिट नोटेची नोंद करावी, नाहीतर त्यांच्या वहीत तीच रक्कम दोनदा वजा होईल, असे आमचे ठरले.

नोव्हेंबरच्या ११ तारखेच्या आत आमचे जीएसटीआर-१ गेले. ताईंनी नोट स्वीकारल्याचे फोनवर कळवले आणि ३बी भरताना देय करातून १,८०० रुपये वजा झालेले दिसले. त्यांच्या अकाउंट्स विभागाकडून आलेल्या खातेउताऱ्यावर मी शिल्लक शून्य असल्याची खात्री केली आणि जूनच्या डेबिट नोटेच्या प्रतीवर आमच्या क्रेडिट नोटेचा क्रमांक लिहून दोन्ही कागद मूळ बिलामागे लावले.