आमची वाटचाल : पहिल्या तक्रारीतच फोन ओळखायचा कसा

गृहनिर्माण सोसायट्यांसाठी मेंटेनन्स भरण्याची वेबसाइट आम्ही सुरू केली, तेव्हा तक्रार आली की आमचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा : कोणता ब्राउझर वापरता? उत्तर यायचं ‘गूगल’, आणि दिवस तिथेच जायचा. आता हा प्रश्न आम्ही मागे ठेवलाय. आधी मेसेज नीट वाचतो, बिघाड फोनवरचा की कॉम्प्युटरवरचा हे बहुधा त्यातूनच कळतं.

मेसेज असा येतो : ‘रक्कम टाकायला गेलं की पुढे जा चं बटण गायब होतं, बाहेर दाबलं की परत येतं.’ फोनचा उल्लेख कुठेच नाही. पण रकान्यात बोट टेकताच बटण जातं आणि बाहेर टेकलं की येतं, हे कीबोर्ड वर येण्या-जाण्याचं लक्षण आहे. कॉम्प्युटरवर नुसतं रकान्यात क्लिक केल्याने पानाचा दिसणारा भाग कमी होत नाही.

कारणही ठरलेलं. बटण पडद्याच्या तळाशी `position: fixed` ने बसवलेलं असतं. आयफोनच्या सफारीत कीबोर्ड उघडला तरी पानाची मांडणी आक्रसत नाही, म्हणून बटण कीबोर्डमागे राहतं. अँड्रॉइडच्या क्रोममध्येही 2022 मध्ये आलेल्या 108 व्या आवृत्तीपासून तसंच होतं. क्रोमसाठी एक ओळ पुरते :

```html
<meta name="viewport" content="width=device-width, initial-scale=1, interactive-widget=resizes-content">
```

सफारी ही सूचना मानेल असं धरून चालू नका. तिथे बटण तळाला न चिकटवता रकान्याखालीच ठेवलेलं बरं.

क्रियापदंही बोलतात. ‘आडवा केला की दिसतं’, ‘खाली ओढलं तरी तेच’, ‘दाबून धरलं तर कॉपी येतं’ हे फोनवाल्याचं बोलणं. ‘राइट क्लिक’, ‘एफ पाच दाबलं’ हे टेबलावरचं. ‘वर उजवीकडे तीन टिंबं’ मात्र फसवं, कारण क्रोममध्ये ती दोन्हीकडे असतात. विरामचिन्हांशिवायचा लांबलचक मजकूरही पुरावा नव्हे. बोलून टाइप केलेला असेल, पण तो दुसऱ्याच फोनवरून. बिघाड कॉम्प्युटरवर आणि तक्रार व्हॉट्सअॅपवर, हे तर रोजचंच. तेव्हा मेसेज कुठून आला हे महत्त्वाचं नाही, त्यात वर्णन कोणत्या पडद्याचं आहे ते पाहायचं.

सर्व्हरच्या नोंदींवरही डोळे मिटून विसंबू नये. फोनच्या क्रोममध्ये ‘डेस्कटॉप साइट’ची खूण राहिली असेल तर ब्राउझर स्वतःला लिनक्सचा कॉम्प्युटर म्हणवतो, आणि आयपॅडची सफारी सहसा मॅक म्हणून नाव सांगते. अशा वेळी स्क्रीनशॉट मागतो, पण शब्द नेमके वापरतो : ‘ताई, रकान्यात बोट ठेवून कीबोर्ड उघडा आणि मग फोटो काढा. वरची बॅटरीची पट्टी कापू नका.’ कीबोर्ड बंद असतानाचा फोटो आला तर बटण जागेवरच दिसतं, आणि तक्रार खोटी वाटायला लागते.