वयातलं अंतर आणि सहा पत्त्यांचा स्प्रेड: खालची ओळ आधी

नातेसंबंधांच्या टॅरो रीडिंगवर माझं काम चालूच आहे, यावेळी वयातल्या फरकाचं वाचन आलं म्हणून नीट लिहून ठेवते. दारव्ह्याकडच्या एका गावातली ताई, वय ४१, नवरा वारल्यावर शिलाई आणि छोटं किराणा दुकान सांभाळते. तिचं ज्याच्याशी जुळलंय तो २९ चा, कोरडवाहू शेती आणि ट्रॅक्टरची भाड्याची कामं. तिला विचारूनच लिहितेय. तिचा प्रश्न सरळ होता, "हे टिकन का, एवढंच सांग मले." पण बोलायला लागली की तिच्या तोंडून जाऊ काय म्हणाली, भाऊ काय म्हणाला, पारावर काय चालतं हेच जास्त येत होतं, त्याच्याबद्दल फार कमी.

म्हणून दोन ओळी केल्या. खालची दोघांची: ती काय आणते, तो काय आणतो, रोजच्या जगण्यात दोघांत काय चालतं. वरची लोकांची: घर, गाव, आणि तिच्या मनात जाऊन बसलेला लोकांचा आवाज. पोझिशन शफल करायच्या आधीच कागदावर लिहिल्या आणि खालची ओळ पूर्ण वाचून होईपर्यंत वरची उघडलीच नाही. हे महत्त्वाचं आहे, कारण वर एखादं मेजर, म्हणजे टॅरोतला मोठ्या अर्थाचा पत्ता, दिसलं की खालचे साधे पत्तेही आपण त्याच्याच रंगात वाचायला लागतो.

डेक रायडर-वेट-स्मिथ. खाली आले क्वीन ऑफ वाँड्स, नाइट ऑफ पेंटॅकल्स, सिक्स ऑफ पेंटॅकल्स.

आता क्वीन म्हणजे मोठी बाई, नाइट म्हणजे तरुण पोरगा, बघा पत्त्यांनीच अंतर दाखवलं, असं वाचायचा मोह होतो. पण वय तर तिनं आधीच सांगितलेलं, मग त्यातून नवीन काय कळलं? कोर्ट कार्ड म्हणजे राजा-राणीसारखे माणसांचे पत्ते, त्यांत मी स्वभाव आणि वेग बघते. चार नाइटपैकी पेंटॅकल्सचाच घोडा जागच्या जागी उभा आहे, मागं नांगरलेलं शेत आहे. गावाचं म्हणणं असं की पोरगं उडाणटप्पू, आज आहे उद्या पळेल, आणि पत्ता नेमका उलट म्हणतोय, हा जागचा हलणारा नाही, उलट निर्णय घ्यायलाच उशीर लावेल. घाई तिची आहे, वाँड्स हा आगीचा गट, ती आग तिच्याकडं. ताईला विचारलं तर म्हणाली हो, लग्नाची तारीख काढू म्हटलं की तो "कापूस निघू दे" म्हणतो. म्हणजे दोघांचा वेग जुळत नाही, आणि हा फरक दोघं एकाच वयाचे असते तरी राहिला असता.

खरा पत्ता तिसरा. सिक्स ऑफ पेंटॅकल्समध्ये एकाच्या हातात तराजू, तो उभा, आणि घेणारे दोघं गुडघ्यावर. यंदा बियाणं-खताचे पैसे तिनं दिलेत. परत घ्यायचे की नाही यावर दोघं कधी बोललेच नाहीत.

मग वरची ओळ. घर: हायरोफंट, म्हणजे परंपरा सांगणारा धर्मगुरू. गाव: फाइव्ह ऑफ वाँड्स. मनातला आवाज: एट ऑफ स्वोर्ड्स. सहात एकच मेजर आणि तोही वर, त्यामुळं वजन त्यालाच द्यावंसं वाटतं, पण लोकांच्या जागेवर पडलेलं मेजर लोकांचा आवाज किती मोठा आहे तेवढंच सांगतं, दोघांचं जमतं का ते नाही.

इथं मी प्रत्येक पत्त्याला एकच प्रश्न लावते: उद्या गाव गप्प झालं तर ही गोष्ट उरेल का? फाइव्ह ऑफ वाँड्स उरत नाही, नुसता काठ्यांचा कल्ला आहे. सिक्स ऑफ पेंटॅकल्स पूर्ण उरतो. एट ऑफ स्वोर्ड्स अर्धा, डोळ्यावरची पट्टी बाहेरच्यांनी बांधली पण चित्रात दोर सैल आहे आणि पाय मोकळे आहेत, चारचौघांत त्याच्याशी बोलायचं ती आता स्वतःच टाळते. हायरोफंटला मात्र सरसकट बाजूला टाकायचं नाही. आईचं "लोकं काय म्हणतीन" वरच राहू द्यायचं, पण आईचाच दुसरा प्रश्न, मूल हवं असेल तर कसं, हा खालच्या ओळीचा आहे, लोक नसते तरी तो असताच. त्यावर पत्ता काढला नाही, डॉक्टरांकडं दोघांनी मिळून जा म्हटलं.

टिकेल का याचं हो-नाही दिलं नाही. एवढंच सांगितलं की वयामुळं जमत नाही असं खालच्या ओळीत काहीच नाही, पैशाचं मात्र आहे, आणि ते पुढच्या पेरणीआधी बोलून घ्या.

स्प्रेडमध्ये एक बदल करतेय. तिसऱ्या जागेचं नाव "दोघांत काय चालतं" फार ढोबळ वाटतंय, आता "देणं-घेणं कोण ठरवतं" असं लिहिणार. पुढच्या वेळी तोही येतो म्हणालाय, तेव्हा फक्त खालची ओळ मांडेन आणि दुसरा पत्ता त्यालाच काढायला लावेन.